मॅडम अजून लॉगिन आहेत

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तालुक्याच्या गावातली एका सहकारी बँकेची शाखा. मी ऑडिटला गेलो की आधी दोन याद्या मागतो, एचआरकडून सोडून गेलेल्यांची आणि आयटीकडून चालू युजर्सची, आणि एक्सेलमध्ये व्हीलूकअप लावतो. बहुतेक वेळा काही निघत नाही. त्या दिवशी एक नाव दोन्हीकडे निघालं. शाखेच्या मॅडम, 31 मार्चला रिटायर, आणि शेवटचं लॉगिन काल सकाळी 10:42.

आधी वाटलं आयडी बंद करायचा राहिला असेल, होतं असं. पण या बँकेत पासवर्ड दर 30 दिवसांनी एक्स्पायर होतो, म्हणजे मॅडम गेल्यावर कुणीतरी तो पाच-सहा वेळा बदललाय. हे डोक्यात आलं आणि पोटात गोळाच आला.

लॉग काढला. त्या आयडीने 212 एंट्र्या पास झालेल्या, जास्त करून सोनेतारणाच्या, आणि टाकणारा प्रत्येक वेळी तोच एक क्लार्क. एकाने टाकायची, दुसऱ्याने बघून पास करायची हा नियमच त्यासाठी आहे ना, आणि इथे दोन्ही हात एकाच माणसाचे.

क्लार्क पोरगा रडायलाच लागला. "सर, मॅडमच्या जागी माणूस दिलाच नाही हो. साहेब म्हणाले तात्पुरतं चालव. लोक दागिने घेऊन काउंटरला उभे असायचे." साहेब टेबलाकडे बघत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

दोन दिवस आम्ही तिजोरीतली पाकिटं उघडून वजनं केली, सोनाराला बसवलं. सगळं बरोबर निघालं, एक ग्रॅमही इकडे तिकडे नाही. साहेबांचा जीव भांड्यात पडला, म्हणाले आता रिपोर्टमध्ये जरा सौम्य लिहा. मी नाही म्हटलं, कारण पोरगा प्रामाणिक निघाला हे आम्हाला पाकिटं उघडल्यावर कळलं, सहा महिने ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग मॅडमना फोन केला, दुपारी त्या स्वतः आल्या. पोरगा उठून उभा राहिला, "मॅडम, चुकलं." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्यासमोर बसून प्रिंटआउट पान पान बघितलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांचं नाव.

"एकही चुकीची नाही म्हणता?"

"नाही मॅडम."

"पण यातली मी बघितलेली एकही नाही. उद्या एखादं पाकीट खोटं निघालं असतं तर पोलीस माझ्या दारात आले असते ना? 34 वर्षं नोकरी केली हो मी."

कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं, 31 मार्चनंतरची कोणतीही एंट्री माझी नाही. खाली सही, तारीख, वेळ. मग हेड ऑफिसच्या आयटीला फोन लागेपर्यंत थांबल्या आणि पोरालाच म्हणाल्या, "आता टाक बघू माझा आयडी."

त्याने टाकला. स्क्रीनवर `User disabled` आलं. ते वाचून मगच त्यांनी पर्स उचलली.