दार अडवलेला फोटो

परशरामनं आणलेला अल्बम चिकट पानांचा होता. 1998 च्या मे महिन्यातलं त्याचं लग्न आणि चार रोलचे 144 फोटो. पानावर फोटो ठेवायचा, वरनं प्लॅस्टिक ओढायचं, अशी त्या वेळची पद्धत. सत्तावीस पावसाळ्यांत पानाचा गोंद पिवळा पडून फोटोच्या पाठीत मुरला होता. निगेटिव्हची पाकिटंही पिशवीत होती, पण ओल लागून पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. त्यांचा उपयोग नव्हता.

"किती फोटोंत आहे ती?" नामदेवनं विचारलं.

"मोजलंय. एकसष्ट." परशरामनं पहिलं पान उघडलं आणि पोपटी साडीतल्या मुलीवर बोट ठेवलं. "ही. माझी धाकटी भैन. सगळ्यातनं काढायची. डोक्यापासनं पायापर्यंत. मग नवीन मोठा अल्बम करून द्या, आताच्या लग्नात देतात तसला. पोराचं लग्न ठरलंय, घरात पावणं येऊलेत."

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारातल्या त्या दुकानात नामदेव तीस वर्षं रीटचिंग करत होता. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं, प्रिंटवर डाय आणि तीन शून्यांच्या ब्रशनं. आता कॉम्प्युटरवर. मेलेल्या माणसाला कुटुंबाच्या फोटोत बसवायचं काम महिन्याला दोन-तीनदा यायचं. जिवंत माणूस काढायचं क्वचित, आणि आलं तरी मोडलेल्या सोयरिकीचं.

त्यानं कारण विचारलं नाही. परशरामनंच सांगितलं. येळ्ळूरची दोन एकर दहा गुंठे जमीन. वडील गेल्यावर हक्कसोडपत्रावर सही करायला बहीण रेणुका खानापूरहून आली, कागद वाचला आणि सही न करता परत गेली. पुढं बेळगावच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे, हे वकिलानं परशरामला दोनदा समजावलं होतं. ते त्याला पटलं नव्हतं.

"साध्या फोटोला दीडशे, अवघडला चारशे," नामदेव म्हणाला. परशरामनं चार हजार आगाऊ दिले.

पहिले दोन दिवस फोटो सोडवण्यातच गेले. हेअर ड्रायर मंद ठेवून पानाच्या मागनं दहा-पंधरा सेकंद ऊब द्यायची, गोंद सैल झाला की दात साफ करायचा मेणाचा दोरा फोटोखाली कोपऱ्यातनं घालायचा आणि करवतीसारखा हळूहळू पुढं सरकवायचा. घाई केली की फोटोला आडवी घडी पडते आणि त्या घडीवरचा रंग कायमचा जातो. चार फोटोंचा पृष्ठभाग प्लॅस्टिकलाच चिकटला होता. ते ओढले असते तर चेहरे प्लॅस्टिकबरोबर गेले असते. ते पानासकट, प्लॅस्टिकवरनंच स्कॅन केले.

स्कॅन 600 डीपीआयला, सोळा बिटला. सहा बाय चारच्या फोटोचे 3600 बाय 2400 पिक्सेल होतात. नव्या अल्बमसाठी ते पुरतात, फोटो दुपटीहून मोठा करायचा नाही एवढं पाळलं की झालं. सगळे फोटो तांबूस झाले होते. त्या काळच्या रंगीत कागदावर निळसर रंग आधी उडतो आणि तांबडा मागं राहतो. रंग आधी सारखे करून घ्यावे लागतात. माणूस काढल्यावर केले तर भरलेला भाग वेगळा पडतो, डाग असल्यासारखा.

मग रेणुका जाऊ लागली.

पंगतीचे फोटो सोपे निघाले. ती वाढपी बायकांत उभी होती, मागं मांडवाचं पांढरं कापड. चुण्या पडलेल्या कापडावर क्लोन स्टॅम्प नीट चालतो, फक्त एकच चुणी दोनदा दिसता कामा नये. डोळ्याला पुनरावृत्ती पटकन कळते. जिथं मागं माणसं होती तिथं शेजारचा फोटो कामाला आला. त्या वेळचा फोटोग्राफर प्रत्येक प्रसंगाचे दोन-दोन घ्यायचा. पहिल्या फोटोत रेणुका ज्या काकूला झाकत होती, ती काकू दुसऱ्यात मोकळी दिसायची. तिथनं काकू उचलायची, नवीन लेअरवर ठेवायची, मास्कनं कडा मऊ करायच्या आणि शेवटी फिल्मचा दाणा वरनं घालायचा. दाणा घातला नाही तर नवा भाग मेणासारखा गुळगुळीत दिसतो.

माणूस काढायला वेळ लागत नाही. त्या माणसानं आजूबाजूला जे सोडलेलं असतं ते काढायला लागतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या बाजूला लावलेला, त्यामुळं उभ्या फोटोंत रेणुकाची सावली मागच्या भिंतीवर दीड वीत डावीकडं पडली होती. बाई गेली आणि सावली राहिली, असा फोटो पाहणारा कारण न कळता दचकतो. अंतरपाटाच्या वेळी ती नवऱ्यामागं करवली म्हणून नारळाचा तांब्या धरून उभी होती. तिच्या साडीचा पोपटी रंग परशरामच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर उतरला होता. तो रंग फक्त बाहीपुरता कमी करायला अर्धा तास गेला. एका फोटोत ती स्टीलच्या पिंपात दिसत होती, बोटभर, वाकडीतिकडी. वडिलांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एक-एक पोपटी ठिपका होता.

आणि नजरा. अक्षता पडल्यानंतरच्या एका फोटोत सात माणसं हसत एकीकडंच बघत होती. तिथं आता मांडवाचा खांब होता. नामदेवनं तो फोटो परशरामला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि विचारलं, हा ठेवू की अल्बममधनं काढू? उत्तर आलं नाही.

अकराव्या दिवशी स्क्रीनवर lagna_131.tif उघडली.

येळ्ळूरचं घर, संध्याकाळ, उंबऱ्यावर तांदळाचं माप. नवरा-नवरी बाहेर आणि दारात रेणुका, एक हात चौकटीला लावून. बहिणीनं दार अडवायचं, मुलगी झाली तर माझ्या घरात देशील काय म्हणून विचारायचं, भावानं शब्द द्यायचा, मग दार सोडायचं. फोटोग्राफरनं नेमका शब्द देतानाचा क्षण धरला होता. परशरामचा उजवा हात तिच्या तळहातावर पालथा. त्याच्या हाताच्या पाठीवर तिचा अंगठा, नखावर अर्धं उडालेलं लाल नेलपॉलिश.

दार मोकळं करणं अवघड नव्हतं. आतल्या अंधारात समईचा एक ठिपका होता, बाकी काळंच. चौकट उजव्या बाजूची उचलून उलटी करून डावीकडं लावली, कोरीव पान जुळलं. रेणुका गेली, सावली गेली. उरला परशरामचा हात. हाताच्या पाठीवरचा, अंगठ्याखालचा भाग कुठनंतरी आणायला हवा होता. नामदेवनं सगळे 144 फोटो पुन्हा बघितले. तो हात कुठं मुठीत होता, कुठं नवरीच्या हाताखाली, कुठं हळदीनं माखलेला. पालथा आणि या उजेडातला एकही नव्हता. हीलिंग ब्रशनं भरून पाहिलं. तीनशे टक्के मोठं केलं की तो भाग भाजल्यासारखा दिसायचा.

त्यानं फोन केला. "येऊन जावा. तुमच्या हाताचा फोटो घ्यायचाय."

परशराम संध्याकाळी आला. नामदेवनं फ्लॅश बाजूनं लावला, जुन्या फोटोत होता त्याच कोनात, आणि त्याला दुकानाच्या आतल्या दारात उभं केलं.

"कातडी आता म्हातारी झालीया की," परशराम म्हणाला.

"ते मी बघतो. शिरा काढता येतात. ठेवण बरोबर पायजे. हात पुढं. पालथा. खाली."

परशरामनं हात धरला. बोटं खाली लोंबली. नामदेवनं एक फोटो घेतला, स्क्रीनवर जुन्या हाताशेजारी ठेवला आणि मान हलवली. रिकाम्या हवेत धरलेला हात निराळा असतो. मनगट ताठतं, बोटं लोंबतात, अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो. खाली आधार असला की तळवा पसरतो आणि पाठीवरची कातडी सैल बसते.

"असं करा, कोणाच्यातरी हातावर ठेवल्यासारखा ठेवा."

"ठेवलाय की."

"नाही. वजन सोडलेलं नाही."

तिसऱ्यांदाही जमलं नाही. तेव्हा नामदेवनं कॅमेरा तिपाईवर चढवला, दहा सेकंदाचा टायमर लावला आणि स्वतः समोर जाऊन आपला तळहात त्याच्या हाताखाली धरला. परशरामचा हात खाली आला. जड होता, विळ्याच्या मुठीनं कडक झालेला. नामदेवनं अंगठा दुमडून बाजूला घेतला, फोटोत यायला नको म्हणून.

टायमरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"वर अंगठा होता तिचा," परशराम म्हणाला.

"होय."

"दाबून धरला होता. सोडंना. म्हणली, पोरगी देतो म्हण आधी."

फ्लॅश उडाला. नामदेव कॅमेऱ्याकडं गेला, फोटो मोठा करून बघितला. ठेवण आता बरोबर होती. तो मागं वळला तेव्हा परशराम खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसला होता. स्क्रीनवर तो आणि त्याची बायको लक्ष्मी रिकाम्या दाराकडं बघून हसत होते.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "अंगठा तेवढा ठेवता येईल काय?"

नामदेवनं विचार करून उत्तर दिलं. त्याला खोटं सांगायचं नव्हतं. "नुसता अंगठा हवेत राहील. अंगठा ठेवला तर पंजा ठेवावा लागतो, पंजाला मनगट. मनगटावर हिरवा चुडा आहे, तो कोपरापर्यंत. कोपर साडीला टेकलाय. कुठं तोडू तुम्हीच सांगा. जिथं तोडीन तिथं दिसणार."

परशरामनं स्क्रीनवर बोट ठेवलं, चौकटीपाशी. मग खाली आणलं, उंबऱ्याच्या मापापर्यंत. कुठंच थांबलं नाही.

"ठेवा मग," तो म्हणाला.

मूळ स्कॅन खालच्या लेअरवर तसाच होता, नामदेव तो कधी पुसत नसे. त्यानं वरच्या लेअरसमोरचा डोळा बंद केला. रेणुका दारात आली.

"आणि बाकीचे साठ?"

"लक्ष्मीला विचारून सांगतो." परशराम उठला, दारापाशी गेला, परत आला. "हा एक मोठा करून द्या आत्ता. आठ बाय दहा. अल्बमात नको. सुटा."

"आठ बाय दहा केला की बाजूनं थोडा कापला जातो. दोन्ही बाजू बसायच्या नाहीत. कुठली कापू?"

"माझ्या मागं काय हाय?"

"जीपचा पुढचा भाग आणि बँडवाला."

"तिकडनं कापा."