उभ्या मांडणीतील वजाबाकीच्या नव्या पद्धतीविषयी इयत्ता तिसरीच्या पालकांसाठी निवेदन

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यापासून मुलांच्या गणिताच्या वहीत वजाबाकीच्या उदाहरणांवर खोडलेले अंक आणि त्यांच्या डोक्यावर लिहिलेले छोटे अंक दिसू लागले आहेत. काही पालकांनी विचारले की, हातच्याची सरळ पद्धत असताना ही खाडाखोड कशासाठी? प्रश्न रास्त आहे. घरी अभ्यास घेताना आपली आणि मुलांची ओढाताण होऊ नये, म्हणून वर्गात नेमके काय शिकवले जाते ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आपल्यापैकी अनेकांनी वजाबाकी अशी शिकली असेल: वरचा अंक लहान असला की त्यात दहा मिळवायचे आणि खालच्या संख्येतील डावीकडच्या अंकात हातचा एक मिळवायचा. ६३ मधून २७ वजा करताना तीनाचे तेरा होतात, खालच्या दोनाचे तीन होतात आणि उत्तर ३६ येते. ही पद्धत पूर्णपणे बरोबर आहे. वरच्या संख्येत दहा एकक आणि खालच्या संख्येत एक दशक, म्हणजे दोन्हीकडे दहाच मिळवले जातात, त्यामुळे दोन संख्यांमधील फरक बदलत नाही. अडचण एवढीच की हे कारण आठ वर्षांच्या मुलाला सहसा उमगत नाही. वरच्या अंकात मिळवलेल्या दहासाठी खाली एक का वाढला, असे विचारले तर बहुतेक मुले ‘तसेच करायचे असते’ एवढेच सांगतात.

नव्या पद्धतीत खालच्या संख्येला हात लावायचा नाही; जे काही करायचे ते वरच्या संख्येत. मुले आधी हे काड्यांनी करतात. ६३ म्हणजे दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. त्यातून सात सुट्या काड्या काढायच्या, पण आहेत तीनच. म्हणून एक गठ्ठा सोडला. आता पाच गठ्ठे आणि तेरा सुट्या काड्या झाल्या. काड्या वाढल्या नाहीत की कमी झाल्या नाहीत, फक्त त्यांची मांडणी बदलली. वहीत सहा खोडून पाच आणि तीन खोडून तेरा लिहिणे ही याच कृतीची नोंद आहे. वर्गात आम्ही याला ‘गठ्ठा सोडणे’ म्हणतो. घरीही हाच शब्द वापरल्यास मुलांना सोपे जाईल.

तीन अंकी उदाहरणात शतकाचा मोठा गठ्ठाही सोडावा लागतो. ५३२ मधून २७८ वजा करण्याची मांडणी अशी असते (श, द आणि ए म्हणजे शतक, दशक आणि एकक):

```
            श    द    ए
सोडल्यावर    ४   १२   १२
मूळ संख्या    ५    ३    २
वजा         २    ७    ८
------------------------
उत्तर        २    ५    ४
```

एककात दोनातून आठ जात नाहीत, म्हणून तीन दशकांपैकी एक सोडला. दशक दोन उरले आणि एकक बारा झाले. आता दोन दशकांतून सात दशक जात नाहीत, म्हणून एक शतक सोडले. शतके चार उरली आणि दशक बारा झाले. ४००, १२० आणि १२ यांची बेरीज ५३२ च येते, हे मुलाकडून एकदा तरी तपासून घ्यावे, कारण सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. लागेल तेवढे गठ्ठे आधी सोडून घ्यायचे आणि वजाबाकी त्यानंतरच सुरू करायची, असा वर्गातील क्रम आहे. एकदा गठ्ठे सोडून झाले की कोणत्याही स्थानापासून वजा केले तरी उत्तर बदलत नाही. त्यामुळे एखादे मूल डावीकडून वजा करताना दिसले तर त्याला थांबवू नये.

मुले सर्वांत जास्त अडतात ती मधल्या शून्यापाशी. ६०३ मधून २४७ वजा करताना सुटे हवे आहेत, पण सोडायला दशकाचा एकही गठ्ठा नाही. अशा वेळी शतकापर्यंत जावे लागते. सहा शतकांपैकी एक सोडून दहा दशक मिळतात, आणि त्या दहांपैकी एक दशक सोडून दहा एकक मिळतात. म्हणून वर पाच, नऊ आणि तेरा असे अंक येतात आणि उत्तर ३५६ येते. ‘शून्याचे नऊ होतात’ हा नियम कृपया पाठ करून देऊ नये. तो नऊ म्हणजे दहा दशकांतून एक सोडल्यावर उरलेले दशक आहेत, हे मुलाने काड्यांवर एकदा पाहिले की नियमाची गरज उरत नाही; आणि नुसता नियम पाठ असेल तर शून्य एककाच्या जागी आले तरी मूल तिथे नऊ लिहून मोकळे होते.

वहीत वारंवार दिसणाऱ्या दोन चुकांकडे लक्ष असावे. पहिल्या चुकीत मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, मग मोठा अंक वर असो की खाली. तसे केल्यास ५३२ मधून २७८ वजा करण्याच्या उदाहरणाचे उत्तर ३४६ येते. दुसरी चूक अधिक फसवी आहे आणि हे निवेदन लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. शाळेत गठ्ठा सोडायला शिकवलेले मूल घरी हातचाही शिकते आणि याच उदाहरणात दोन्ही एकदम करते: वरच्या तीनाचे दोन करते आणि खालच्या सातांचे आठही करते, शतकातही तसेच. मग उत्तर १४४ येते, म्हणजे बरोबर उत्तरापेक्षा ११० ने कमी, कारण एक दशक आणि एक शतक दोनदा वजा झालेले असतात. म्हणून ही पद्धत हातात बसेपर्यंत, निदान हे सत्र संपेपर्यंत, घरी हातच्याची पद्धत शिकवू नये अशी विनंती आहे. ज्या मुलांना ती आधीपासून पक्की येते त्यांना ती विसरायला सांगणार नाही. फक्त एका उदाहरणात एकच पद्धत, एवढा आग्रह राहील.

अभ्यास घेताना मूल अडले तर उत्तर सांगण्याऐवजी ‘इथे पुरेसे सुटे आहेत का?’ असे विचारावे. हा प्रश्न उलट्या बाजूनेही उपयोगी पडतो, कारण नवी युक्ती मिळाल्याच्या उत्साहात काही मुले ५८६ मधून २४३ वजा करतानाही गठ्ठे सोडत बसतात. उत्तराचा पडताळा बेरजेने घ्यावा: २७८ आणि २५४ मिळून ५३२ झाले की उदाहरण बरोबर. तेरातून सात, बारातून आठ अशा वजाबाक्या मात्र तोंडीच यायला हव्यात. कोणतीही मांडणी ते काम करून देत नाही, आणि त्यासाठी जाता-येता विचारलेले चार प्रश्न पुरतात.

वहीत प्रत्येक चौकटीत एकच अंक लिहावा आणि वरचे छोटे अंक लिहिण्यासाठी उदाहरणाच्या वर एक ओळ रिकामी ठेवावी. खोडताना एकच तिरपी रेघ मारावी, म्हणजे मूळ अंक वाचता येतो आणि चूक कोठे झाली ते सापडते. खोडलेल्या अंकांबद्दल गुण कापले जात नाहीत.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्गात काड्या आणि गठ्ठे मांडून ही पद्धत प्रत्यक्ष दाखवली जाईल. येताना मुलांची गणिताची वही सोबत आणावी.

आपली,
गणित शिक्षिका, इयत्ता तिसरी