‘आणिली पाटी’ ते ‘लाज न ये’: चोखोबांच्या घरातील अभंग आणि उष्ट्याचा प्रश्न

देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. त्याच भागातल्या माझ्या गावात हरिनाम सप्ताहात चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ दरवर्षी म्हटला जातो. त्यांच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा, अभंग मात्र मी तिथे कधी ऐकला नाही. गेल्या सप्ताहात एका जुन्या भजनकरी आजींना कारण विचारले. त्यांच्या वहीत तो होता, पेन्सिलीने उतरवलेला. त्या म्हणाल्या, “आहे गोड, पोरी. पन पंगतीच्या आंधी हा नाही म्हणाचा.” हा निबंध त्या एका वाक्यामुळे लिहावा लागला.

चौदाव्या शतकातील या एका घरात बाप, आई आणि मुलगा असे तिघेही कवी होते. संतकवितेतली समाजटीका शोधताना आपण बहुधा समतेची सुभाषिते गोळा करतो. मला ती टीका सुभाषितांत कमी आणि रोजच्या राबत्या शब्दांत अधिक दिसते. ‘जोहार’, ‘उष्टे’, ‘विटाळ’ हे गावगाड्याने महारांच्या तोंडी आणि माथी घातलेले शब्द आहेत.

‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार’ असे चोखोबा म्हणतात, तेव्हा वेशीवरचा सक्तीचा मुजरा विठ्ठलाच्या दारात येतो. शेवटी ते पाटी पुढे करतात: ‘चोखा म्हणे पाटी । आणिली तुमच्या उष्ट्यासाठी’. इथे बंड नाही. ‘कृष्णनिंदा घडली होती । म्हणोनि महार जन्म प्राप्ती’ असे सांगणारा त्यांचा अभंग तर जातीचा दोष पूर्वजन्मावर टाकून मोकळा होतो. या ओळी झाकून चोखोबांना क्रांतिकारक ठरवणे मला प्रामाणिक वाटत नाही. तरी ती पाटी डोळ्यांसमोरून हलत नाही. देवाच्या दारातही भुकेल्याला उष्टेच मागावे लागते, हे तिने कसलेही भाष्य न करता दाखवले आहे.

मुलगा तीच पाटी नाकारतो:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥

इथली सर्वनामे पाहावीत. पहिल्या ओळीत देवाला ‘तुज’ म्हटले आहे, दुसरीत ‘तुमचे’. छंदाची सोय किंवा आदरार्थी वचन म्हणून हे सोडून देता येईल. पण अभंग माजघरात एकट्याने वाचायचा नसतो, तो जमावापुढे म्हणायचा असतो. समोर उष्टे वाढणारे बसले असतील, तर ‘तुमचे चित्ता’ त्यांच्याही अंगावर जाते. बापाने देवाला जोडलेले ‘तुमच्या’ मुलाच्या तोंडी गावाला लागते. आजींना हे व्याकरणाशिवाय कळलेले होते. शिवाय ‘केली हीन याती’ यातले ‘केली’ हे क्रियापद पूर्वजन्माच्या हिशोबाला जागाच ठेवत नाही. जात केली म्हणजे ती करणारा कोणीतरी आहे. शेवटी ‘कासया जन्म दिला मला’ या प्रश्नाला अभंगात उत्तर येत नाही.

आईचा, म्हणजे सोयराबाईंचा मार्ग तर्काचा आहे. ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म’ असे त्या विचारतात. विटाळावाचून कुठलाच देह निर्माण होत नाही, या मुद्द्यात जातीचा विटाळ आणि बाईच्या पाळीचा विटाळ एकाच दोरीत ओवले जातात. आमच्याकडे अजूनही ‘कावळा शिवला’ म्हणून बाई बाजूला बसते, आणि तीच बाई हा अभंग सुरात म्हणते. अभंगाच्या शेवटी त्या स्वतःला ‘महारी चोखियाची’ म्हणवतात: जात, नवरा आणि वाद घालणारी बाई, तिन्ही एका नाममुद्रेत.

एक आक्षेप टाळता येणार नाही. संतांनी माणसे देवापुढे समान मानली, माणसांमाणसांतल्या समतेसाठी जातिसंस्थेवर हल्ला केला नाही, असे डॉ. आंबेडकरांनी परखडपणे म्हटले आहे. त्यांनीच १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या संतांना अर्पण केला. १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर माझ्या आजोळी चोखोबांची भजने थांबली. ती का थांबली, हे ‘जोहार’ वाचल्यावर सांगावे लागत नाही. आक्षेप मला मान्य आहे. मात्र त्याचा रोख बापाच्या अभंगांवर जितका चपखल बसतो, तितका मुलाच्या अभंगावर बसत नाही, एवढीच माझी दुरुस्ती.

हे अभंग टिकले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. चोखोबांचे अभंग अनंत भट्टांनी लिहून घेतले अशी परंपरा आहे, म्हणजे लेखणी ब्राह्मणाच्या हातात होती. लिहिताना जपले गेलेले म्हणताना गळते. आजींच्या वहीत ‘ऊस डोंगा’च्या कडेला भजनी ठेक्याची खूण आहे, पानाला तेलाच्या बोटांचे डाग आहेत. कर्ममेळ्याचे पान कोरे करकरीत आहे.