विषय: ५ ते ९ ऑक्टोबर २०२६ च्या भेटीसाठी निमंत्रणपत्र आणि दिवसवार कार्यक्रम हवा आहे

दि. ३ ऑगस्ट २०२६
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

मुग्धाताई, सप्रेम नमस्कार.

शुक्रवारच्या कॉलवर ठरल्याप्रमाणे मी आणि आमचे क्वालिटी हेड इरफान मुजावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हाइलब्रॉनच्या कारखान्यात येतो आहोत. व्हिसासाठी पुण्याच्या केंद्रात २७ ऑगस्टची वेळ मिळाली आहे. त्याआधी तुमच्या कंपनीचं निमंत्रणपत्र आणि भेटीचा कार्यक्रम हातात असायला हवा, म्हणून आजच लिहितो आहे. १४ ऑगस्टपर्यंत सही केलेल्या पत्राचा स्कॅन मिळाला तर फार बरं होईल. मूळ प्रत कुरियरने पाठवा.

घाई करण्याचं कारण सांगतो. अर्जावरचा निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण जास्तीची चौकशी निघाली तर तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. २७ ऑगस्टपासून ४५ दिवस मोजले की ११ ऑक्टोबर येतो, म्हणजे आपली भेटच हुकते. पत्र पहिल्या फटक्यात नेमकं असणं म्हणूनच महत्त्वाचं. मागे एका दुसऱ्या ग्राहकाकडून मला चार ओळींचं पत्र आलं होतं. 'व्यावसायिक भेटीसाठी येत आहेत' एवढंच त्यात होतं, ना तारखा, ना खर्चाचा उल्लेख. मग खुलासे मागवले गेले, आणि माझं विमानाचं तिकीट वाया गेलं.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, जर्मन किंवा इंग्रजीत, मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या नावे असावं. सही करणाऱ्यांचं नाव, हुद्दा, फोन आणि ईमेल स्पष्ट लिहा. आमची नावं जोडलेल्या पासपोर्टच्या प्रतीवरूनच घ्या, माझ्या कार्डावरून नको. कार्डावर 'संभाजीराव' आहे, पासपोर्टवर नुसतं 'संभाजी', मधे वडिलांचं नाव. पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीखही पत्रात येऊ द्या.

भेटीचा हेतू मोघम ठेवू नका. आम्ही २०२४ पासून तुम्हाला पंप केसिंगची कास्टिंग पाठवतो, हे लिहा. जूनच्या लॉटमध्ये बोअर फिनिश करताना ब्लोहोल उघडे पडले. ते मशिनवर उभं राहून पाहायचे, कोअर आणि गेटिंगमधला बदल तुमच्या इंजिनिअरांशी ठरवायचा आणि तपासणीच्या नव्या पद्धतीवर दोघांनी सही करायची, हा हेतू आहे. फोटोवरून हे जमत नाही, ताई. इरफानभाईंनी ते तुकडे स्वतः हातात घेऊन पाहिल्याशिवाय आमच्या भट्टीवर काय बदलायचं ते कळणार नाही.

खर्चाबद्दल स्पष्ट लिहा: विमान, हॉटेल, विमा आणि रोजचा खर्च आमची कंपनी करणार आहे. तुमच्याकडे फक्त हॉटेल ते कारखाना ने-आण आणि दुपारचं जेवण. खर्च तुमच्याकडे दाखवला तर तुमच्याकडून औपचारिक हमीपत्र मागितलं जाऊ शकतं. त्यात वेळ जाईल.

कार्यक्रम मला असा वाटतो, तुम्ही वेळा भरा. रविवारी, ४ तारखेला फ्रँकफर्टला उतरून हाइलब्रॉन. सोमवार ते बुधवार कारखान्यात: पहिला दिवस मशिनशॉप आणि नाकारलेले तुकडे, दुसरा इंजिनिअरांबरोबर, तिसरा तपासणी विभाग आणि पर्चेसची बैठक. गुरुवारी रेल्वेने ऑस्ट्रियात लिंझ, शुक्रवारी सकाळी तुमच्या तिथल्या कारखान्यात, संध्याकाळी म्युनिक. शनिवारी १० तारखेला परतीचं विमान. म्हणजे जर्मनीत पाच रात्री, ऑस्ट्रियात एक. हा हिशेब कार्यक्रमात दिसायलाच हवा, कारण मुक्काम जास्त त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. रोज कोणाला, कुठे भेटायचं ते नावानिशी आणि पूर्ण पत्त्यासह द्या. लिंझच्या भेटीसाठी तिथल्या सहकाऱ्यांचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर तेही जोडतो.

हॉटेलचं बुकिंग, ३०,००० युरोंचा प्रवास विमा आणि आमचं कंपनीचं पत्र मी तुमच्या कार्यक्रमाच्या तारखांवरून करणार आहे. म्हणून त्यात काही बदल होणार असेल तर आधी मला कळवा, मग पत्र टाईप करा. एक दिवस इकडचा तिकडे झाला की सगळी कागदपत्रं पुन्हा करावी लागतील.

सहीच्या आधी कच्चा मसुदा मला पाठवाल का? मी त्याच दिवशी वाचून उत्तर देतो. पुढच्या वर्षी नव्या पॅटर्नच्या ट्रायलसाठीही यावं लागेल. शक्य असेल तर पत्रात तसा एक शब्द टाका, म्हणजे एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागता येईल.

दोन्ही पासपोर्टच्या प्रती आणि जूनच्या लॉटचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. काही अडलं तर तुमच्या सकाळी साडेसात ते दुपारी तीनपर्यंत फोन करा, मी फाउंड्रीतच असतो.

आपला,
संभाजी चौगुले
निर्यात विभाग