१२ मार्चच्या मुलाखतीसाठी दुसरी तारीख मिळण्याबाबत विनंती

दिनांक : ८ मार्च २०२६

प्रति,
मा. कार्यकारी संचालक साहेब
(डेप्युटी चीफ केमिस्ट पदाच्या मुलाखत समितीसाठी)

विषय : गुरुवार, १२ मार्च रोजी सकाळी ११ वाजता ठेवलेल्या मुलाखतीची तारीख बदलून मिळण्याबाबत
संदर्भ : आपले दि. ६ मार्च २०२६ चे मुलाखतपत्र

महोदय,
सप्रेम नमस्कार.

डेप्युटी चीफ केमिस्ट पदासाठी माझी निवड मुलाखतीला झाल्याचे आपले पत्र काल संध्याकाळी मिळाले. मनापासून आभार. पत्र मिळाले तेव्हा मी पॅन फ्लोअरवरच होतो. खाली उतरून ते दोनदा वाचले आणि तारखेवर नजर अडकली. १२ तारखेला मला येता येणार नाही. त्यामागचे कारण नीट सांगावे आणि त्याऐवजी मी कधी येऊ शकतो तेही लगेच कळवावे, यासाठी हे पत्र.

आमच्या कारखान्याचा गळीत हंगाम याच आठवड्यात संपतो आहे. मी अर्ज केला तेव्हा फेब्रुवारीअखेर पट्टा पडेल असा आमच्या शेती विभागाचा अंदाज होता. पण तोडणीच्या टोळ्या लवकर गावाकडे परतल्या, राहिलेला ऊस दोन हार्वेस्टरवर येऊन पडला आणि शेवटची तोड रेंगाळली. आता मंगळवारी, १० तारखेला रात्री उशिरा शेवटची गाडी गव्हाणीत खाली होईल. मिल थांबली तरी बॉयलिंग हाउस थांबत नाही, हे आपण जाणताच. सिरप, ए आणि बी मॅसेक्युट, शेवटचे सी मॅसेक्युट असा सगळा माल काढून प्रोसेस मोकळी करायला आम्हाला ११ ते १४ मार्च असे चार दिवस लागतील. मुलाखतीची तारीख बरोबर या चार दिवसांच्या मध्ये येते.

एरवी एवढ्यावर मी तारीख मागितली नसती. आमच्याकडे दोन मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आहेत, आलटूनपालटून एक दिवस सोडायला अडचण येत नाही. पण माझ्या सहकाऱ्याचे ३ मार्चला अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी त्यांना १६ तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे. तेव्हापासून सकाळी ८ ते रात्री ८ मी आणि रात्री आमचे सर्वांत ज्येष्ठ शिफ्ट केमिस्ट अशी आमची वाटणी चालू आहे. रात्रीचे ते काम उत्तम सांभाळतात, पण शेवटचे सी पॅन आणि क्रिस्टलायझर यांची जबाबदारी लेखी माझ्याकडे आहे.

त्यातला एक भाग थोडा खुलासेवार लिहितो. आज आमचे चार सी क्रिस्टलायझर भरलेले आहेत आणि बुधवारी रात्रीपर्यंत आणखी दोन भरतील. हंगामाच्या मध्यावर एखादा पॅन बिघडला, त्यात फॉल्स ग्रेन आला, तर तो पुढच्या मालात सावरून घेता येतो. शेवटच्या पॅनला मागे माल नसतो. पॅनमनने प्रूफ स्टिकने काढलेला नमुना काचेवर पसरून उजेडासमोर धरायचा, दाणा एकसारखा आहे की बारीक धूळ सुटली आहे ते पाहायचे, मॅसेक्युट अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ओढून त्याची तार किती लांब येते ते बघायचे आणि त्यावरून पाणी द्यायचे की घट्ट करायचे हे ठरवायचे. हे दर पंधरा-वीस मिनिटांनी चालते आणि गुरुवारी सकाळी ११ वाजता मी नेमका त्यातच असेन. माल मशीनवर नीट सुटला नाही तर साखर मळीतून निघून जाते. मळीची प्युरिटी वर गेलेली आरटी-८ (सी) मध्ये कायमची लिहिली जाते आणि उतारा तेवढा खाली येतो. यंदा १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. शेवटच्या चार दिवसांत हंगामाचा उतारा फार हलत नाही हे खरे. तरी ज्यांचा ऊस आम्ही हंगामभर गाळला त्यांचे जे असेल ते पूर्ण हातात पडावे, असे मला वाटते.

पत्र मिळाल्यावर मी मार्ग शोधलेच नाहीत असे नाही. बुधवारी रात्री ८ वाजता शिफ्ट सोडून निघावे, कराडहून वडूज, दहिवडी, म्हसवड असे करत अकलूजला मुक्काम करावा आणि मुलाखत देऊन परतावे, असा हिशेब मांडून पाहिला. स्वतःची गाडी घेतली तरी परत यायला संध्याकाळ होते, आणि गुरुवारचा पूर्ण दिवस पॅन फ्लोअरवर जबाबदार माणूस राहत नाही. शेजारच्या दोन कारखान्यांतल्या मित्रांनाही एका दिवसासाठी येता का म्हणून विचारले. त्यांचेही हंगाम याच आठवड्यात बंद होत आहेत.

आमच्या चीफ केमिस्ट साहेबांना मी या मुलाखतीविषयी स्वतः सांगितले आहे. लपवून काही करावे असे मला वाटले नाही. ते म्हणाले, "तू जा, मी उभा राहतो." त्यांनी हे मनापासून म्हटले, पण त्याच दिवशी गोडाऊनमधल्या साखरेची आणि मळीच्या टाक्यांची मोजदाद त्यांच्यासमोर व्हायची आहे. एक माणूस दोन मजल्यांवर उभा राहू शकत नाही. म्हणून मीच नको म्हटले.

आता पर्यायांविषयी. समितीला ज्यात सर्वांत कमी त्रास होईल तो निवडावा.

मला सर्वांत सोयीचा दिवस मंगळवार, १७ मार्च. त्या दिवशी सकाळी १० पासून संध्याकाळी ५ पर्यंत केव्हाही बोलावले तरी मी हजर असेन. सहकारी १६ तारखेनंतर कामावर येत आहेत आणि प्रोसेस तोवर पूर्ण मोकळी झालेली असेल, त्यामुळे या तारखेत पुन्हा बदल मागण्याची वेळ येणार नाही. बुधवार, १८ मार्च हाही पूर्ण दिवस मोकळा आहे. गुरुवारी १९ तारखेला पाडवा असल्याने तो दिवस सुचवत नाही. मात्र समितीतील सर्वजण त्या दिवशी कारखान्यावर असणार असतील तर मी पाडव्यालाही येईन. शुक्रवारी २० तारखेला दुपारी २ नंतर आणि शनिवारी २१ मार्चला दिवसभर येऊ शकतो.

समितीची बैठक १२ तारखेलाच होणे गरजेचे असेल, बाहेरून येणारे तज्ज्ञ त्याच दिवसासाठी ठरले असतील, तर त्या दिवशी सकाळी ६.३० ते ७.३० या वेळेत किंवा रात्री ८.३० नंतर मी व्हिडिओ कॉलवर उपलब्ध असेन. वेळ अडनिडी आहे याची मला जाणीव आहे आणि सर्वांनी त्यासाठी लवकर उठावे असा आग्रह नाही. कॉलनीतल्या घरी नेटवर्क चांगले आहे, कॉल तुटणार नाही. समितीला पहिली फेरी अशी फोनवर आणि दुसरी १७ किंवा १८ तारखेला समक्ष घ्यायची असेल तर तेही मला चालेल. माझी स्वतःची इच्छा समक्ष येण्याची आहे. आपला बॉयलिंग हाउस आणि त्याला जोडलेली डिस्टिलरी पाहायची आहे. बी हेवी आणि सिरप डिस्टिलरीकडे वळवताना पॅन स्टेशनची घडी आपण कशी बसवली आहे, हे प्रत्यक्ष उभे राहून समजून घ्यायचे आहे. आमच्याकडे डिस्टिलरी नाही, त्यामुळे माझ्या अकरा वर्षांच्या अनुभवात ही एक बाजू कमी आहे. ती मी अर्जातही लिहिली होती आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न आले तर सरळ उत्तर देईन.

तारीख बदलल्यामुळे कागदपत्रांचे काम मागे पडू नये म्हणून बी.एस्सी. (रसायनशास्त्र) ची पदवी, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधील ए.व्ही.एस.आय. (शुगर टेक्नॉलॉजी) चे प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले आणि आधी काम केलेल्या कारखान्याचे कार्यमुक्तीपत्र यांच्या प्रती या ईमेलसोबतच जोडल्या आहेत. मूळ कागद येताना घेऊन येईन. आपण मागितलेला मागच्या तीन हंगामांतील कामाचा तपशीलही एका पानात लिहून जोडला आहे. यंदाचा हंगाम बंद झाल्यावरचे आकडे त्यात नाहीत, ते १७ तारखेला सोबत आणेन.

एक वैयक्तिक गोष्ट लिहितो, कारण ती या अर्जामागे आहे. माझे आईवडील नातेपुत्याला दोघेच राहतात. वडिलांचे वय ७४ आहे आणि गेल्या दिवाळीपासून त्यांना एकट्याने एसटीने फिरणे जमत नाही. आपल्याकडे काम मिळाले तर मी रोज घरी जाऊन येऊ शकेन. त्यामुळे ही मुलाखत हातची जाऊ नये असे मला फार वाटते. तारीख मागतो आहे म्हणजे माझी इच्छा कमी आहे असा अर्थ कृपया घेऊ नये.

११ तारखेपासून शिफ्टमध्ये असताना फोन घेणे कठीण जाईल. पॅन फ्लोअरवर आवाजामुळे बोललेले ऐकू येत नाही. शक्य झाल्यास मंगळवारी, १० तारखेला संध्याकाळपर्यंत या ईमेलवर किंवा अर्जातील मोबाइल नंबरवर व्हॉट्सॲपने कळवावे, म्हणजे मला पुढची तयारी करता येईल. त्यानंतर कळवले तरी दुपारी १ च्या जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री ८ नंतर मी निरोप पाहून लगेच उत्तर देईन. वरीलपैकी एकही वेळ जमत नसेल तर आपल्या सोयीची १७ मार्चनंतरची कोणतीही तारीख सांगावी, मी तीच पक्की धरेन.

ठरलेल्या कार्यक्रमात माझ्यामुळे बदल करावा लागतो आहे, याबद्दल समितीतील सर्वांची मनापासून क्षमा मागतो.

आपला विश्वासू,
महेश शिंदे
मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट
मु. कराड, जि. सातारा

सोबत : शैक्षणिक व अनुभवाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती, मागील तीन हंगामांचा कामाचा तपशील (१ पान)