नीताला लिहिलेली माफीची चिठ्ठी: आधीचा खर्डा आणि मग पाठवलेली

रविवारी रात्री लिहिलेली, न पाठवलेली

नीता,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुला राग आलाय हे शुभांगीकडून कळलं. खरं सांगू, मला थोडं आश्चर्यच वाटलं. इतक्या वर्षांची मैत्री, आणि एका जेवणावरून एवढं?

एक तर रविवारी पाऊस कसा होता ते तूही पाहिलंस. रायबंदरला फेरीबोटीची रांग किती लागते हे चोडणात राहणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं? त्यात मुंबईहून आमचे मोठे साहेब आले होते. त्यांच्यासोबत जेवायला जावंच लागलं. नोकरी आहे बाई, नाही म्हणता येत नाही. तुझी बँकेची नोकरी, तुला रविवार म्हणजे रविवार. आमच्याकडे तसं नसतं.

आणि मी कळवलं नव्हतं असं तर नाही ना? मेसेज केला होता. तुम्ही जेवून घ्यायला हवं होतं, माझ्यासाठी कशाला थांबायचं? काकींना त्रास झाला असेल तर वाईट वाटतं, पण तो माझा हेतू नव्हता.

मागच्या वर्षी ज्योतीच्या मुलीच्या मुंजी-लग्नाला तूही आली नव्हतीस, आठवतं? कोणी काही बोललं नाही.

असो. तुझं मन दुखावलं असेल तर सॉरी. साडी माझ्याकडे आहे, शुभांगीकडे पाठवून देते.

सुमेधा

*(सकाळी वाचलं. ज्योतीला मुलगी नाही, मुलगा आहे. त्याची मुंज होती, आणि त्या दिवशी नीता काकींना घेऊन हॉस्पिटलात होती. भांडायच्या नादात मी ते लग्नही लावून मोकळी झाले. शेवटच्या ओळीतल्या 'असेल तर'ला तर काही अर्थच नाही. दुखावलंय, हे मला माहीत आहे. हे फाडायचं.)*

सोमवारी पाठवलेली

प्रिय नीता,

रविवारी दुपारी १ वाजून १० मिनिटांनी मी तुला मेसेज केला, "निघालेच गं, रायबंदरला रांग आहे." तेव्हा मी रायबंदरला नव्हते. मिरामारला एका हॉटेलात बसले होते, समोर सूप आलं होतं, आणि उठायचा माझा काही विचार नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोलले. पहिल्यांदा हेच लिहायचं होतं, कारण बाकी सगळं त्याच्यातूनच झालं.

न येणं वेगळं. सकाळीच "जमत नाही" म्हणाले असते तर तू चिडली असतीस, दोन शिव्या घातल्या असत्यास आणि तिघी-चौघी वेळेवर जेवल्या असता. "निघालेच" म्हटल्यामुळे तुम्ही थांबलात. काकी थांबल्या. त्यांची साखरेची गोळी जेवणाच्या वेळेशी बांधलेली आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, तुझ्या घरी मी कितीदा तरी ती डबी हातात दिली आहे. शुभांगी म्हणाली, काकी दर पाच मिनिटांनी दारापर्यंत जात होत्या आणि परत येऊन म्हणत होत्या, "येतली गो ती, मातशें रावया." अडीच वाजता ज्योतीने जबरदस्तीने त्यांना पाटावर बसवलं. माझं केळीचं पान तसंच मांडून ठेवलं होतं म्हणे, मीठ-लिंबू वाढलेलं. हे ऐकलं तेव्हा मला कुठे बघावं ते कळेना.

आता, मी गेले कुठे होते आणि का, ते सांगते. सबब म्हणून नाही. तू स्टेटसवरचा फोटो पाहिलास, आणि त्यामागे काय होतं हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळावं असं मला वाटत नाही.

आमच्या ऑफिसचे मोठे साहेब मुंबईहून आले होते. जेवायला बोलावलं ते आम्हा पाच जणांना. त्यातल्या दोघांनी सरळ सांगितलं, घरी काम आहे, जमणार नाही. कोणाचं काही बिघडलं नाही. मीही सांगू शकले असते, "मैत्रिणीची पन्नाशी आहे." नाही सांगितलं, कारण मला बोलावलं याचंच कौतुक वाटत होतं. साहेबांच्या शेजारी बसायचं, दोन शब्द कानावर घालायचे, पुढच्या बढतीत नाव लक्षात राहील, हा हिशोब. वाटलं, तासाभरात आटपेल आणि तिथून सुटून तुझ्याकडे पोचेन. नीता कुठे जाते? ती आहेच. हे शेवटचं वाक्य मनात आलं होतं, अगदी असंच. लिहिताना लाज वाटते, पण तुझ्यापासून लपवून काय करू.

फेरीबोटीचं म्हणशील तर त्यातही दम नाही. पर्वरीहून तुझ्याकडे यायला मी रायबंदरला जातेच कशाला? पोंबुर्फ्याचा धक्का मला जवळ आहे. तिथली फेरीही चुकली असती तर मयेच्या बाजूने गाडी घालून येता येतं. चोडण काही पाण्यात अडकलेलं बेट राहिलेलं नाही, आणि तुझ्या लग्नात आम्ही सगळ्या मयेवरूनच आलो होतो. मला यायचं असतं तर वाट होती.

तू वाढदिवस करत नाहीस, हे मला माहीत होतं. शाळेतही तू गोळ्या वाटायला लाजायचीस. यंदा तू स्वतः फोन करून म्हणालीस, "फक्त तुम्ही तिघी, बाकी कोणी नको." तिघींतली एक नसली म्हणजे काय होतं ते दिसायला डोळे लागत नाहीत. त्यातून साडीचे पैसे तिघींचे, साडी माझ्या कपाटात. म्हणजे शुभांगी आणि ज्योती तुझ्या पन्नाशीला रिकाम्या हाताने बसल्या, आणि का ते तुला सांगूही शकल्या नाहीत, कारण भेट गुपित ठेवायची असा माझाच आग्रह होता. त्या दोघींची मी वेगळी माफी मागितली आहे. ज्योतीने मला चांगलं फैलावर घेतलं, ते बरंच झालं.

काकींनी शुभांगीबरोबर माझ्यासाठी पातोळ्या पाठवल्या. तुझ्याकडून नाही, काकींकडून, हे तिने स्पष्ट सांगितलं. मला वाटलं होतं, खाऊ नयेत. मग हळदीचं पान उलगडलं. पातोळीवर पानाच्या शिरा उमटलेल्या असतात ना, बारीक, मधल्या दांड्यापासून फुटत गेलेल्या, तशाच होत्या, आणि एका टोकाला चून बाहेर येऊन गूळ जरा पानाला चिकटला होता. काकींच्या हाताला हल्ली कंप आहे, म्हणून कडा नीट मिटली नसेल. त्या कंप असलेल्या हातांनी त्यांनी पीठ थापलं ते मी येणार म्हणून. खाल्ल्या मी. दोन्ही खाल्ल्या. टाकणं म्हणजे आणखी एक अपमान झाला असता.

स्टेटस मी त्याच संध्याकाळी काढून टाकलं होतं. तेव्हा वाटलं, तू पाहिलं नसशील. म्हणजे तेव्हाही मला चूक सुधारायची नव्हती, पकडलं जायचं नव्हतं. रात्री तुला एक लांबलचक लिहिलंही, त्यात पाऊस, साहेब, नोकरी सगळं भरलं होतं, आणि वर तू मुंजीला आली नव्हतीस ते काढलं होतं. तू त्या दिवशी काकींना घेऊन कुठे होतीस हे आठवल्यावर ते फाडलं. तुला कळलं नसतं तरी मी ते लिहिलं होतं, म्हणून त्याचीही माफी मागते.

मला माफ कर, नीता. खोटं बोलल्याबद्दल, तुम्हाला ताटकळत ठेवल्याबद्दल, आणि तुला गृहीत धरल्याबद्दल. हे तिसरं बहुतेक रविवारचं नाही, बरंच जुनं असावं. मागे डिचोलीला नव्या सोमवारच्या उत्सवाला जायचं ठरवून मी आयत्या वेळी टांग दिली होती, तेव्हा तू "चालतंय गो" म्हणालीस. तू दर वेळी "चालतंय" म्हणतेस आणि मी दर वेळी ते खरं मानते, कारण ते माझ्या सोयीचं असतं.

आता पुढचं. काकींना मला स्वतः भेटायचं आहे, त्यांची माफी चिठ्ठीतून मागता येणार नाही. येत्या रविवारी सकाळी येऊ का? तू घरी असायलाच पाहिजे असं नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तू त्या वेळी बाजाराला जा, मी काकींच्या पाया पडून, साडी ठेवून निघेन. जेवायला थांबणार नाही, तेव्हा काही करायला लावू नकोस. तू नको म्हणालीस तर येणार नाही, आणि पुन्हा पुन्हा विचारणारही नाही. या चिठ्ठीला उत्तर दिलंच पाहिजेस असंही नाही. राग किती दिवस ठेवायचा ते तू ठरव.

साडीविषयी थोडं. कुणबी साडी आहे, लाल, बारीक चौकड्यांची. ज्योतीने निवडली, मी नाही, त्यामुळे ती घ्यायला तुला काही अडचण वाटू नये. फॉल-पिको करून ठेवलं आहे. ब्लाऊजपीस वेगळा घेतला, कारण साडीतलं कापड अपुरं पडेल असं शिंप्याने सांगितलं.

तुझी,
सुमेधा

ता. क. काकींची गोळी त्या दिवशी किती वाजता दिलीस आणि नंतर साखर तपासलीस का, एवढं मात्र शुभांगीला सांग. मला थेट सांगायला नको असेल तर तिच्याकडून कळेल.