विषय: स्वीकारलेली ऑफर मागे घेतल्याबाबत (वरिष्ठ लेखापाल)

नमस्कार मॅडम,

वरिष्ठ लेखापाल पदाची ऑफर कंपनी मागे घेत असल्याचा आपला मेल काल संध्याकाळी मिळाला. उत्तर कालच लिहायला घेतले होते, पण रागाच्या भरात काही लिहिले जाऊ नये म्हणून एक रात्र जाऊ दिली.

आपले ऑफर लेटर मला ४ जूनला मिळाले. ६ जूनला मी ते सही करून परत पाठवले आणि त्याच दिवशी आपण पोच दिलीत. रुजू होण्याची तारीख १४ जुलै ठरली होती. त्या भरवशावर मी ९ जूनला सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिला, तो मंजूरही झाला. मधल्या काळात आलेली दुसरी एक मुलाखत मी स्वतःहून नाकारली. तो निर्णय माझा होता, त्याचा दोष आपल्याला देत नाही. पण आज मी नेमकी कुठे उभी आहे, हे आपल्याला माहीत असावे.

आपल्या मेलमध्ये ‘अंतर्गत कारणांमुळे’ एवढाच उल्लेख आहे. हे पदच रद्द झाले आहे, की माझ्या कागदपत्रांच्या किंवा आधीच्या नोकरीच्या पडताळणीत काही आक्षेप निघाला आहे? पद रद्द झाले असेल तर माझे काही म्हणणे नाही. मात्र आक्षेप माझ्याबाबत असेल, तर तो नेमका काय आहे हे कळावे आणि खुलासा करण्याची संधी मिळावी. एखादी तारीख किंवा कागद जुळत नसेल, तर मूळ प्रती मी त्याच दिवशी दाखवू शकते. तसेच ऑफर लेटरमधील कोणत्या अटीनुसार हा निर्णय घेतला, तेही कळवावे.

हा निर्णय अंतिम आहे, की नेमणूक फक्त पुढे ढकलली आहे? दुसऱ्या विभागात माझ्या अनुभवाला साजेशी जागा असेल तर तिचा विचार करायला मी तयार आहे.

कारण माझ्याशी संबंधित नसेल, तर तसे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मिळावे. पुढच्या मुलाखतीत हा प्रश्न येणारच, तेव्हा माझ्या नुसत्या शब्दाला फारसे वजन राहणार नाही. राजीनाम्यामुळे होणाऱ्या आर्थिक नुकसानीबाबत कंपनी काही भरपाई देणार आहे का आणि त्यासाठी कोणाशी बोलायचे, हेही सांगावे.

माझा नोटीस पीरियड ९ जुलैला संपतो. राजीनामा मागे घेता येईल का, हे मी सध्याच्या कार्यालयात विचारणार आहे, पण तिथे काय सांगायचे हे आपल्या उत्तरावर अवलंबून आहे. त्यामुळे येत्या बुधवारपर्यंत, म्हणजे २ जुलैपर्यंत, लेखी उत्तर मिळावे ही विनंती. त्याआधी फोनवर बोलायचे असल्यास दुपारी एक ते दोन या वेळेत मी मोकळी असते. बोलणे झाले तरी त्यातले मुद्दे मेलवर यावेत.

ऑफर लेटर, माझी स्वीकृती आणि आपली पोच सोबत जोडली आहे.

आपली,
मृणाल